पंधरावा दिवस कोणाचा

आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची मी अध्यक्ष आहे. हे वाक्य मी वहीत लिहिते आहे, तोंडाने कधी बोललेली नाही. संस्था निघाली तेव्हा दोन बायका त्या खुर्चीसाठी भांडत होत्या आणि कोणाशीच वैर नसलेली बाई शोधता शोधता बोट माझ्यावर आलं. मी नाही म्हणायला तोंड उघडीपर्यंत टाळ्या वाजून गेल्या. बोलायचं, लिहायचं, फोन करायचं काम सचिव करते. ती आमच्याच गल्लीतली सून, बी.कॉम. झालेली. माझं काम सही करायचं. चौथीपर्यंत शिकले आहे, सही नीट येते.

गाव पाचोरा तालुक्यात. संस्थेच्या खोलीत दूध थंड ठेवायचं हजार लिटरचं कूलर आहे. दोन्ही वेळचं दूध बायका त्यात घालतात, कूलर ते चार डिग्रीपर्यंत खाली आणतं, आणि सकाळी टँकर येऊन नेतो. नेण्याआधी टँकरवाला काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन उकळतो. फाटलं की सगळं दूध तिथेच सोडून निघून जातो. त्याच्याशी भांडण करता येत नाही, कारण नळी सगळ्यांच्या समोर असते.

कूलरची देखभाल जळगावच्या एका शेठकडे होती. करार पाच वर्षांचा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कारागिराने येऊन सर्व्हिस करायची, आणि बिघाड कळवला की बारा तासांत माणूस पाठवायचा. पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर शेठांचं काम वाढलं, मोठ्या डेअऱ्या मिळाल्या, आणि आम्ही मागे पडलो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिन्यांची सर्व्हिस झाली नाही. बिघाड कळवला तर माणूस तिसऱ्या दिवशी यायचा. आला की वेळ विचारून आम्ही रजिस्टरात लिहायचो आणि त्याला चहा द्यायचो.

मे महिन्यात कूलरचा काटा चारवर जाईना. सहावर थांबायचा, मग आठवर. दोन वेळा दूध परत फिरलं. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या बाईने, जिची एकच म्हैस आहे, कॅन उचलता उचलता माझ्याकडे पाहून म्हटलं, “बठ्ठं दूध नालीमा गयं. तू अध्यक्ष शे ना, अक्का? मग काही तरी कर.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

सचिवने नशिराबादचा एक मिस्त्री शोधला. तो आला, कूलरभोवती दोनदा फिरला, कान लावून मोटर ऐकली आणि हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, “गॅस गळतोय. भरता येईल मला. पण तुमचा करार दुसऱ्याशी आहे. मी आज झाकण उघडलं तर उद्या ते म्हणतील, यानेच बिघडवलं. आधी तो कागद तोडा. मग बोलवा, त्याच दिवशी येतो.”

म्हणजे आमचं दूध करारात अडकलं होतं.

सचिवचे मामा धुळ्याच्या कोर्टात वकील आहेत. माझं माहेरही धुळ्याकडचं, म्हणून मला त्यांचा जरा आधार वाटला. त्यांनी करार मोबाइलवर मागवून घेतला आणि सातवं कलम मोठ्याने वाचून दाखवलं. ठरलेल्या मुदतीत काम करण्यात तीन महिन्यांत तीन वेळा कसूर झाली, तर संस्थेने त्रुटी लिहून नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्या सगळ्या त्रुटी दूर करायची शेठांना संधी. त्यांनी त्या दूर केल्या तर करार चालू. नाही केल्या, तर संस्थेने दुसरं पत्र द्यावं, आणि ते पत्र त्यांच्या हाती पडलं की करार संपला.

“उद्याच नाही तोडता येणार?” सचिवने विचारलं.

“नाही. सुधारायची संधी न देता तोडला तर तूच करार मोडलास असं होईल. मग तो तुमच्यावर दावा लावेल.”

दावा हा शब्द ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. सचिवने नंतर सगळं परत सांगितलं. नोटीस मामांनी लिहून दिली. तीत तीन गोष्टी होत्या: तीन महिन्यांची राहिलेली सर्व्हिस करून तिचे रिपोर्ट द्यावेत, गॅसची गळती थांबवून गॅस भरावा, आणि काटा चारवर आणून दाखवावा. रजिस्टरातली उशिराची पानं जोडली. मी सही केली. नोटीस स्पीड पोस्टाने गेली आणि सोमवारी शेठांना मिळाली. पोस्टाचा मेसेज सचिवच्या मोबाइलवर आला.

त्या पंधरा दिवसांत टँकरची वेळ बदलून घेतली. आता दूध दोन वेळा निघायचं, सकाळचं लगेच टँकरमध्ये आणि संध्याकाळचं शेजारच्या गावच्या कूलरमध्ये. टेम्पोतून कॅन जायचे. बायका मदत करायच्या, पण वरून विचारायच्या, “किती दिन, अक्का?” मी बोटावर सांगायची. कारण दिवस मोजायचं काम गावात माझ्याकडेच असतं. कोणाच्या घरी बाळ झालं की बारावा दिवस कधी, कोणी गेलं की दहावा, तेरावा कधी, हे मला विचारतात. मी कधी चुकलेली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात मी एक लिहिला, मंगळवारी दोन, असं करत तिसऱ्या सोमवारी पंधरा आला.

पंधरा दिवसांत शेठांकडून कोणी आलं नाही. फोनही नाही. मला वाटायचं, फोन येईल आणि ते गोड बोलतील, आणि मी काहीतरी हो म्हणून बसेन. माझी ती खोड आहे. समोरचा माणूस नुसता गप्प राहिला तरी मी हो म्हणते.

तिसरा सोमवार गेला. मंगळवारी सकाळी सचिवने दुसरं पत्र छापून आणलं. ‘कलम सातप्रमाणे दिलेल्या मुदतीत त्रुटी दूर न झाल्याने करार या पत्राने संपुष्टात आणत आहोत.’ मी सही केली, शिक्का मारला, आणि आम्ही दोघी एसटीने जळगावला निघालो. पत्र हातोहात देऊन पोहोच घ्यायची, असं ठरलं होतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. पर्समध्ये माझी सही होती आणि ती कुठे चालली आहे ते मला आवडत नव्हतं.

जळगावच्या स्टँडवर उतरल्यावर रसवंतीच्या सावलीत उभं राहून सचिवने मामांना फोन लावला. एकदा वाचून दाखवते म्हणाली. मामांनी पहिल्याच ओळीला थांबवलं.

“नोटीस मिळाली कधी?”

“सोमवारी.”

“कोणत्या सोमवारी? आणि आज वार काय?”

सचिवने सांगितलं.

मग मामांचा आवाज एवढा वाढला की मलाही ऐकू आला. “अगं, मिळाली तो दिवस धरायचा नसतो! शेवटच्या पानावर बघ, अर्थ लावण्याचं कलम. मंगळवार पहिला. म्हणजे आज पंधरावा. आजचा सगळा दिवस त्याचा आहे, रात्री बारापर्यंत. आज पत्र दिलंस तर मुदतीच्या आत दिलंस. त्याला तेच पाहिजे असेल.”

सचिवने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

आमच्याकडे मूल जन्मलं तो पहिला दिवस. माणूस गेला तो पहिला दिवस. बाराव्याला, तेराव्याला पहिला दिवस सोडून कोण मोजतं? मी जन्मभर तसंच मोजलं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. इथे माझ्या मोजण्याने तीनशे लिटर दूध आणि वीस बायकांची संस्था कोर्टात जाणार होती.

“मी मोजलं ते,” मी म्हणाले. 

“मग मी तरी कुठे तपासलं?” सचिव म्हणाली. “मी शिकलेली ना? चला. बरं झालं फोन केला. शेठांचं दुकान इथून दोन मिनिटांवर होतं, अक्का. दोन मिनिटांवर.”

ती हसली. तिने पत्राचे चार तुकडे केले आणि ते तिथे न टाकता पर्समध्ये ठेवले. मामांनी सांगितलं होतं, उद्या नवीन छापा, उद्याची तारीख घाला, आणि आजचा दिवस संपेपर्यंत काय झालं आणि काय झालं नाही तेही लिहा.

परतीच्या गाडीत मला एकच विचार होता. आजचा दिवस त्यांचा आहे. त्यांना हे ठाऊक असेल, तर ते आज येतील.

आणि ते आले. दुपारचे साडेतीन वाजले होते. आम्ही घरी पोहोचून तास झाला नव्हता, तेवढ्यात संस्थेपुढे मोटरसायकल थांबली. शेठांचा कारागीर होता. पन्नाशीचा माणूस, आम्ही त्याला तीन वर्षं ओळखतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी साडी दिली होती. त्याच्याजवळ एक ब्रश, एक बादली आणि पान्यांची पिशवी होती.

“काय अक्का, माझी आठवण येत नव्हती?” तो म्हणाला.

मी दारातून बाजूला झाले. सचिव घरी लेकराला पाजायला गेली होती. मी एकटीच होते, आणि दोन बायका दाराशी कॅन धूत होत्या.

त्याने कूलरच्या मागची जाळी काढली, पाणी मारून धूळ धुतली, ब्रश फिरवला. बटण दाबून दाखवलं. पंख्याचा आवाज खरंच कमी झाला. क्षणभर मला वाटलं, झालं की काय नीट? आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला नाही. नीट झालं तर करार चालू राहणार, आणि पुढच्या महिन्यात परत हेच. नीट झालं नाही तर उद्या मला त्या दुकानात जाऊन उभं राहावं लागणार. दोन्हीची मला भीती वाटत होती, आणि मी नुसती काट्याकडे बघत होते. काटा नऊवर होता.

त्याने पिशवीतून छापील कागद काढला. त्यावर आधीच सगळं टाईप केलेलं होतं. मी हळूहळू वाचते, पण वाचते. ‘नोटिशीतील सर्व त्रुटी दूर करण्यात आल्या. ग्राहक समाधानी.’ खाली अध्यक्षाच्या सहीची जागा.

“इथे करा सही, अक्का. मला पाच वाजायच्या आत कागद दुकानात द्यायचा आहे.”

“गॅस?” मी विचारलं.

“गॅस पुढच्या फेरीला आणतो. सिलिंडर दुसरीकडे गेलं आहे.”

“मग यात सर्व लिहिलंय.”

“अहो, छापील फॉर्म असतो तो. सगळ्यांकडे हाच असतो. तुम्ही इतकं बारीक कधीपासून बघायला लागल्या?” तो हसला. मग हसू गेलं. “सही नाही मिळाली तर शेठ मला ठेवणार नाहीत. सकाळीच म्हणाले, आज सहीशिवाय येऊ नको. तुमच्यामुळे माझी नोकरी जाईल.”

दाराशी कॅन धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, “दे ना सही, अक्का. मानूस गरीब शे.”

मी पेन घेतलं. तीन वर्षं ह्या माणसाच्या प्रत्येक कागदावर मी सही केली होती. काम अर्धंच केलं तरी, उशिरा आला तरी, तो पुढे करायचा आणि मी करायची. कागद पुढे आला की सही करायची, हे माझ्या हाताला माहीत होतं. हात पुढे गेलाही. त्या वेळी मला त्या म्हातारीचा कॅन दिसला असं मी लिहिलं तर ते छान वाटेल, पण मला काहीही दिसलं नाही. मला फक्त एवढं कळलं, की ह्या कागदावर आज सही झाली तर उद्याचं पत्र देता येणार नाही, आणि मग नशिराबादचा मिस्त्री झाकणाला हात लावणार नाही.

सहीच्या वर थोडी मोकळी जागा होती. मी तिथे लिहायला सुरुवात केली. मला लिहायला वेळ लागतो. तो डोक्यावर उभा होता. मी लिहिलं, ‘जाळी धुतली. गॅस भरला नाही. काटा नऊवर आहे. तीन सर्व्हिसचे रिपोर्ट दिले नाहीत.’ ‘रिपोर्ट’ शब्द मी दोनदा खोडला. मग वार, तारीख, वेळ चार वाजून दहा मिनिटं, आणि खाली सही.

“हे काय केलं?” तो म्हणाला.

“आज जे झालं ते लिहिलं.”

“शेठांना काय सांगू?”

“हेच दाखवा. तुम्हाला सिलिंडर दिलं नाही, हे त्यांनाच माहीत आहे. तुमचं नाव नाही घातलं मी.”

त्याने कागद घेतला. मी म्हटलं, थांबा, मोबाइलवर फोटो घ्यायचा आहे. फोटो मला काढता येतो, पण घाईत दोनदा फक्त फरशी आली. शेवटी त्यानेच माझा मोबाइल घेतला आणि नीट फोटो काढून दिला. का दिला, मला आजही कळलेलं नाही. मग चहा न घेता निघून गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी आम्ही परत जळगावला गेलो. नवीन पत्र, नवीन तारीख, सोबत त्या कागदाच्या फोटोची प्रत. एक प्रत सकाळीच पोस्टाने पाठवली होती.

दुकानात पंखा जोरात चालू होता. शेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. पत्र उठून उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं.

“काल दुपारी माझा माणूस येऊन गेला. मुदतीत आला होता,” ते सचिवला म्हणाले. “मुदतीत आल्यावर करार तुटत नाही, ताई. तुम्हाला कोणीतरी चुकीचं शिकवलंय.”

“यायचं नव्हतं, भाऊ. दुरुस्त करायचं होतं,” सचिव म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. “अक्का, तुम्ही बोला. ही काल आलेली पोर आहे. तुमच्या गावात कूलर मी बसवलं. तुम्ही माझ्या घरी जेवलेल्या आहात. चौथी शिकलेल्या बाईला कलम सात काय कळतं? तुमच्याकडून कोणीतरी सही करून घेतं आहे, मला कळतंय.”

मी मान खाली घातलेली होती. समोरचा पाण्याचा ग्लास मी बाजूला सरकवला.

“गॅस नव्हता आणला,” मी म्हणाले.

“काय?”

“काल. गॅस नव्हता आणला. काटा नऊवर होता. मी बघत होते.”

त्यांनी पेन काढलं. मग त्यांनी आमच्या प्रतीवर लिहिलं, ‘पत्र मिळाले. मान्य नाही. उत्तर वकिलामार्फत देऊ.’ खाली सही, शिक्का, वेळ. प्रत सचिवच्या हातात देऊन म्हणाले, “आता कूलर बंद पडलं तर माझ्या दारात येऊ नका. आणि अक्का, तुमची सही आहे याच्यावर. विसरू नका.”

मी विसरणार नव्हते. बाहेर आल्यावर मी पोहोच परत एकदा हळूहळू वाचली. सचिवने मामांना फोटो पाठवला. मामांचं उत्तर आलं: ‘मान्य नसू दे. मिळालं लिहिलं ना, बस. मिस्त्रीला बोलवा.’

मिस्त्री संध्याकाळी पाचला आला. आधी त्याने पोहोच पाहिली, मग झाकण उघडलं. गळती एका जोडावर होती. तो जोड बंद करून त्याने गॅस भरला. संध्याकाळचं दूध आलं तेव्हा आम्ही टेम्पोला फोन केला नाही. सगळं दूध आमच्याच कूलरमध्ये ओतलं.  मला वाटत होतं, बिघडलं तर आता कोणाचं नाव घ्यायचं? शेठांचं घेता येणार नाही. माझंच.

सकाळी टँकर आला. टँकरवाल्याने नळी भरली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बायका गोल उभ्या होत्या. मी मागे, दाराच्या आत. दूध वर आलं, फेस आला. त्याने नळी उजेडात धरून तिरपी केली, परत तिरपी केली. 

त्याने दिवा विझवला. नळीतलं दूध बाहेर ओतलं आणि टँकरचा पाइप कूलरला लावला.

आता दोन महिने झाले आहेत. शेठांच्या वकिलाचं पत्र आलेलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी अजून आत जाते, आणि तो पुढे गेला की बाहेर येऊन दूध मोजायला बसते.